क्लिप मिळाली, पण दाखला कुठाय?

मंडळी, "व्हिडिओ आहे ना, मग झालं!" हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. व्हॉट्सॲपवर झालं असेल, कोर्टात नाही होत. त्यासाठी आपल्या जालन्याचीच केस बघा.

२०१४ची विधानसभा. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. म्हणणं असं, की २७ सप्टेंबरला दुपारी ३ची मुदत संपल्यावर खोतकरांचे अर्ज घेतले. पुरावा होता निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण सोबत लागणारं कलम ६५-बीचं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही दिलं नाही.

१४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र लागणारच. तोंडी साक्षीने ते भागत नाही. ज्या यंत्रावर मूळ नोंद झाली तेच मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून कोर्टात दिलं, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. मग गोरंट्यालांचं काय? त्यांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली, कोर्टालाही विनंती केली. हातात होतं ते सगळं केलं, म्हणून त्यांना सूट मिळाली. निवडणूक रद्दच राहिली, पण तोवर त्या विधानसभेची मुदत कधीच संपली होती!

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आला. आता कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ठसा बदलतो. म्हणून ज्या मोबाइलवर शूटिंग केलं तो विकू नका, फॉरमॅट मारू नका.

आता माझं म्हणणं. स्वतःच्या मोबाइलचं प्रमाणपत्र माणूस स्वतः देईल, तज्ज्ञही शोधेल. पण सरकारी ऑफिसच्या सीसीटीव्हीचं काय? तिथे ज्याच्याविरुद्ध तक्रार, सहीसुद्धा त्याच्याच ऑफिसची. जालन्यात आमदारकीच्या उमेदवाराला दाद मिळाली नाही, तिथे सातबाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला कोण विचारतो? म्हणून फुटेजची कॉपी देतानाच ताब्याचा भाग भरून, हॅश लिहून सही करायची, असा नियम सरकारने काढावा. कॉपी काढणारा माणूस तिथेच बसलेला असतो, त्याला पाच मिनिटांचं काम.

तोवर तुम्ही एवढं करा. फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढायच्या आत लेखी अर्ज द्या. त्यात कॉपीसोबत कलम ६३चं प्रमाणपत्रही मागा आणि पोच घ्या. दिलं नाही, तर तीच पोच जोडून कोर्टाला सांगा की त्यांना आदेश द्या. गोरंट्याल तरले ते अशाच कागदांवर.