अंतराय देवळापुरता

सख्यांनो, नात डोंबिवलीच्या सावळाराम क्रीडासंकुलात पोहायला जाते. परवा विचारलं, "आजी, पाळीत सुट्टी घेऊ?" मी म्हटलं, अंतराय देवळापुरता, तलावाला नाही.

पण पॅड लावून पाण्यात जाऊ नये. तो तलावाचंच पाणी पिऊन फुगतो. पाण्याच्या दाबाने स्राव कमी वाहतो, थांबत नाही. बाहेर आल्यावर ओघळतो. म्हणून तिने कप घेतला. आत गेल्यावर घडी पूर्ण उघडली नाही तर तो गळतो, हे तिला घरीच कळलं. बोट फिरवून तपासायला शिकली, मगच तलावावर गेली.

पोटात कळ आली की आधी गरम पाण्याची पिशवी, मग सावकाश पोहणं. तासाभरात पॅड भिजत असेल किंवा दुखणं उठू देत नसेल, तर मात्र डॉक्टरच.