चार न्यायमूर्ती बोलले म्हणून कायदा होत नाही

‘सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींना क्रीमी लेअर लावला.’ 1 ऑगस्ट 2024 च्या दविंदर सिंग निकालानंतर हे वाक्य इतक्यांदा ऐकू आले की आपल्याही पोरांच्या तोंडी बसले. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : हे वाक्य चुकीचे आहे. पण ते चुकीचे का, हे सांगता आले नाही तर आपल्या रागाला कोर्टात किंमत नाही. म्हणून आमच्या ज्युनिअर वकील मित्रमैत्रिणींनी या निकालाचे टिपण कसे काढावे, ते इथे मांडतो.

साडेपाचशेहून अधिक पाने, सात न्यायमूर्ती, सहा स्वतंत्र निकालपत्रे. टिपण पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी विचारा, या खंडपीठापुढे प्रश्न काय होता? पंजाबच्या 2006 च्या कायद्यातील कलम 4(5) नुसार अनुसूचित जातींच्या कोट्यातील निम्म्या जागांवर वाल्मिकी आणि मजहबी शीख उमेदवारांना पहिली पसंती होती. हे कलम वैध आहे का, असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे का, आणि अनुसूचित जातींचे पोटवर्ग पाडता येत नाहीत असे सांगणाऱ्या 2004 च्या चिन्नय्या निकालाचा फेरविचार हवा का, एवढेच प्रश्न 2020 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेले. ते टिपणाच्या डोक्यावर लिहा. त्यात क्रीमी लेअर नाही.

आता निकालातील प्रत्येक मोठे विधान घ्या आणि ते उलटे करून बघा. ‘अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग नाही’ हे उलटे केले, तर चिन्नय्या टिकतो आणि निकाल कोसळतो. म्हणजे हे विधान निकालाचा पाया आहे. तो रेशिओ. आता ‘राज्याने अनुसूचित जातींतील क्रीमी लेअर ओळखावा’ हे उलटे करा. उपवर्गीकरण वैध ते वैधच राहते, निकालाची वीटही हलत नाही. म्हणजे ते जाता जाता केलेले भाष्य आहे. तो ओबिटर.

इथे समोरचा वकील म्हणेल, ‘पण सातपैकी चौघे हेच म्हणाले, बहुमत आहे!’ गवई, विक्रम नाथ, मिथल आणि शर्मा या चार न्यायमूर्तींनी तसे म्हटले, हे खरे आहे. पण डोकी मोजायची ती प्रश्न ठरल्यावर. जो प्रश्न खंडपीठापुढे नव्हताच, त्यावर चार काय, सातही जण बोलले तरी तो रेशिओ होत नाही. अनुच्छेद 141 खाली बंधनकारक ठरतो तो निकालाचा आधार, निकालपत्रातले प्रत्येक वाक्य नव्हे. म्हणून टिपणात प्रत्येक विधानापुढे परिच्छेद क्रमांक, न्यायमूर्तीचे नाव आणि ‘रे’ किंवा ‘ओ’ अशी खूण हवीच. कायद्याच्या रिपोर्टमधल्या हेडनोटवरून टिपण काढाल तर ही खूण हमखास चुकेल, कारण हेडनोट संपादकाची असते, न्यायालयाची नसते.

आता आपल्याच लोकांना दोन कडू गोष्टी.

पहिली, हीच चाळणी आपल्यालाही लागू आहे. उपवर्गीकरण हा 6 विरुद्ध 1 असा रेशिओ आहे. न्या. बेला त्रिवेदी यांचे असहमतीचे निकालपत्र आपल्याला कितीही पटले तरी त्याला ‘रे’ लावता येत नाही. आवडले ते रेशिओ आणि नावडले ते ओबिटर, अशी टिपणे काढणारा वकील पहिल्याच तारखेला उघडा पडतो. आणि याच रेशिओत आपल्या हाती हत्यारही आहे : मागासलेपणा आणि अपुरे प्रतिनिधित्व दाखवणारी आकडेवारी राज्याला द्यावी लागेल आणि तिची न्यायालयीन तपासणी होईल.

दुसरी, ओबिटर म्हणजे रद्दी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या भाष्याला उच्च न्यायालये मोठा मान देतात. शिवाय पदोन्नतीच्या संदर्भात 2018 च्या जर्नेल सिंग निकालात पाच न्यायमूर्तींनी क्रीमी लेअरचे तत्त्व अनुसूचित जाती-जमातींनाही लावता येते असे म्हटले आहे. समोरचा ते काढणारच. म्हणून ते टिपणात वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्याखाली उत्तर लिहा : तो प्रश्न पदोन्नतीचा होता, आणि 1992 च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठातील बहुमताच्या मुख्य निकालपत्राने क्रीमी लेअरची चर्चा इतर मागासवर्गीयांपुरतीच असल्याचे स्पष्ट केले होते.

उद्या एखादे सरकार दविंदर सिंगचा हवाला देऊन ‘न्यायालयाचा आदेश आहे’ म्हणत आपल्या मुलांकडे उत्पन्नाचा दाखला मागेल, तेव्हा मोर्चा निघेलच. पण त्याआधी आपल्या वकिलाने उभे राहून एवढेच विचारले पाहिजे : परिच्छेद कोणता, आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

जय भीम!