विश्लेषण : ईमेलवरील पाठवणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे कोण ठरवते?

पुरवठादाराच्या नेहमीच्याच पत्त्यावरून ईमेल येतो. बँक खाते बदलल्याचे त्यात कळवलेले असते. पैसे नव्या खात्यात जातात आणि पंधरा दिवसांनी खरा पुरवठादार फोन करून विचारतो, ‘आमच्या बिलाचे काय झाले?’ अशा फसवणुकीत दर वेळी कुणाचा पासवर्ड चोरीला गेलेला असतोच असे नाही. अनेकदा पुरवठादाराच्या डोमेनवर असायला हवी असलेली एक ओळ अर्धवट लिहिलेली असते.

दुसऱ्याच्या नावाने ईमेल पाठवता येतोच कसा?

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे ज्या पद्धतीने जातो ती एसएमटीपी पद्धत १९८२ सालची आहे. तेव्हा हे जाळे वापरणाऱ्या संस्था मोजक्या आणि एकमेकांच्या ओळखीच्या होत्या. त्यामुळे पाठवणारा खरा आहे का, हे तपासण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

ईमेलला प्रत्यक्षात दोन ‘प्रेषक’ असतात. टपालाची उपमा इथे चपखल बसते. पाकिटावर मागे लिहिलेला पत्ता हा एक, पत्र पोहोचले नाही तर ते त्या पत्त्यावर परत येते. आतल्या कागदाच्या लेटरहेडवरचे नाव हा दुसरा. टपाल खाते लेटरहेड पाहत नाही आणि पत्र वाचणारा पाकीट फेकून देतो. ईमेलमध्येही तसेच होते. सर्व्हर पाकिटावरचा पत्ता वापरतात, तर मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तो ‘From’ म्हणजे लेटरहेड. हे लेटरहेड कुणीही, कोणत्याही नावाने छापू शकतो.

एसपीएफ आणि डीकेआयएम काय करतात?

दोन्हींचे काम डोमेनच्या डीएनएस नोंदींवर चालते. डीएनएस ही इंटरनेटची सार्वजनिक नोंदवही. एखाद्या डोमेनच्या पानावर काय लिहायचे हे फक्त त्या डोमेनचा मालक ठरवतो, वाचू मात्र कुणीही शकतो.

एसपीएफ ही परवानगीची यादी आहे. ‘आमच्या डोमेनच्या नावाने फक्त हे सर्व्हर ईमेल पाठवतील,’ असे मालक तिथे जाहीर करतो. ईमेल आला की घेणारा सर्व्हर तो कोणत्या आयपी पत्त्यावरून आला हे पाहतो आणि यादीशी ताडून बघतो. मात्र एसपीएफ तपासते ते पाकिटावरच्या पत्त्याचे डोमेन. लेटरहेडकडे ती पाहतच नाही.

डीकेआयएम ही मोहोर आहे. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि ‘From’सारख्या ठरावीक ओळींवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो. ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. वाटेत मजकुरातला बँक खात्याचा एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही. पण इथेही पळवाट उरते. सही कोणत्या डोमेनची असावी, याचे बंधन डीकेआयएम घालत नाही. भामटा स्वत:च्या डोमेनची अस्सल सही करून लेटरहेडवर दुसऱ्याचे नाव छापू शकतो.

मग तोतयेगिरी नेमकी कुठे पकडली जाते?

इथे तिसरी नोंद कामाला येते, तिचे नाव डीमार्क. २०१५ साली तिचा तपशील ‘आरएफसी ७४८९’ म्हणून प्रसिद्ध झाला. डीमार्क एकच सरळ प्रश्न विचारते : एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी जी तपासणी उत्तीर्ण झाली, ती वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘From’च्याच डोमेनसाठी झाली का? दोहोंपैकी एक जरी त्या डोमेनशी जुळली तरी ईमेल उत्तीर्ण. एकही जुळली नाही, तर काय करायचे हे डोमेनच्या मालकाने आधीच लिहून ठेवलेले असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, चाकणमधील एका लघुउद्योगाला `example.com` हे डोमेन असलेला पुरवठादार सुटे भाग देतो. त्याच्या डोमेनवर पुढील दोन नोंदी आहेत :

```
example.com         TXT  "v=spf1 include:_spf.google.com -all"
_dmarc.example.com  TXT  "v=DMARC1; p=none; rua=mailto:dmarc@example.com"
```

पहिली ओळ सांगते, की आमचे ईमेल गुगलच्या सर्व्हरवरूनच येतील, बाकीचे आमचे नव्हेत. वरवर पाहता बंदोबस्त चोख आहे. आता भामटा स्वत:च्या `example.net` या डोमेनवरून ईमेल पाठवतो आणि लेटरहेडवर पुरवठादाराचा पत्ता टाकतो. लघुउद्योगाच्या सर्व्हरवर त्याचा निकाल साधारण असा नोंदला जातो :

```
Return-Path: <pay@example.net>
From: Accounts <accounts@example.com>
spf=pass    smtp.mailfrom=example.net
dkim=none
dmarc=fail  (p=NONE) header.from=example.com
```

यात खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे. एसपीएफ ‘पास’ झाली आहे, कारण तिने पाकीट पाहिले आणि पाकिटावर भामट्याने स्वत:चाच खरा पत्ता लिहिला होता. पुरवठादाराची यादी उघडलीच गेली नाही. डीमार्कने मात्र विसंगती बरोबर पकडली : पाकीट `example.net`चे, लेटरहेड `example.com`चे, म्हणून ‘फेल’. तरीही ईमेल इनबॉक्समध्ये पोहोचू शकतो, कारण मालकाने सूचना लिहिली आहे `p=none`, म्हणजे ‘अपयशी ठरला तरी काही करू नका, फक्त मला अहवाल पाठवा.’ चोर दिसला, पण पहारेकऱ्याला त्याला अडवण्याचा हुकूमच नव्हता.

त्या जागी `p=quarantine` असते तर ईमेल स्पॅममध्ये गेला असता. `p=reject` असते तर बहुतेक मोठ्या सेवांनी तो दारातूनच परत पाठवला असता.

मग सगळे थेट ‘रिजेक्ट’ का लिहीत नाहीत?

कारण स्वत:चेच ईमेल अडकण्याची भीती, आणि ती खोटी नाही. एखाद्या कंपनीच्या नावाने फक्त तिचा मुख्य सर्व्हर ईमेल पाठवत नाही. पगारपत्रके पाठवणारी सेवा, बिलिंगचे सॉफ्टवेअर, जाहिरातींचे ईमेल पाठवणारी एजन्सी, संकेतस्थळावरचा चौकशी अर्ज असे अनेक जण तेच लेटरहेड वापरत असतात आणि त्यांतले निम्मे कुणाच्या लक्षातही नसतात. त्यांची नोंद न करता ‘रिजेक्ट’ लावले, तर पगारपत्रकेच परत येतील.

दुसरी अडचण पुढे पाठवलेल्या ईमेलची. एका पत्त्यावरचा ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवला, की तो मधल्याच सर्व्हरवरून आल्याचे दिसते आणि एसपीएफ जुळत नाही. अशा वेळी डीकेआयएमची सही शाबूत असेल तर ईमेल तरतो. गटासाठी चालवलेल्या ईमेल याद्या विषयाला किंवा मजकुराला शेपूट जोडतात, तेव्हा सहीही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला ‘रिजेक्ट’ लावले, तेव्हा अशा याद्यांवर लिहिणाऱ्या याहूच्या वापरकर्त्यांचे ईमेल इतर सदस्यांकडून परत येऊ लागले होते.

यावरचा मार्ग `p=none` याच पायरीत दडलेला आहे. नोंदीतील `rua` या पत्त्यावर गुगलसारख्या सेवा साधारणपणे रोज अहवाल पाठवतात : तुमच्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यांवरून किती ईमेल आले, त्यांतले किती जुळले. काही आठवडे हे अहवाल पाहिले की विसरलेल्या सेवांची यादी तयार होते. प्रत्येक सेवेला कंपनीच्या डोमेनची डीकेआयएम सही लावून द्यायची, मग ‘क्वारंटाइन’ आणि शेवटी ‘रिजेक्ट’. या वाटेवर ठेच लागते ती एसपीएफच्या एका मर्यादेची. यादी तपासताना डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० वेळाच शोध घेता येतो. प्रत्येक नव्या सेवेसाठी `include` जोडत गेले की ही मर्यादा ओलांडली जाते आणि अख्खी एसपीएफ तपासणीच ‘पर्मएरर’ दाखवून बाद होते.

मोठ्या ईमेल सेवांनी सक्ती केली आहे ना?

केली आहे, पण अर्धी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. जीमेलसाठी घाऊक म्हणजे दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक ईमेल. नोंदी नसतील तर ईमेल स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. त्यामुळे खऱ्या कंपन्यांचे ईमेल पोहोचण्याची शक्यता वाढली आणि आजवर कानाडोळा करणारेही कामाला लागले.

मात्र या नियमासाठी `p=none` पुरेसे आहे. परिणामी अनेक ठिकाणी ही ओळ एकदा चिकटवली जाते, ईमेल पोहोचू लागतात आणि अहवाल कुणीच उघडत नाही. नियम पाळला जातो, तोतयाची वाट मोकळीच राहते. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालयांनी तरी ‘none’वर थांबणे समर्थनीय नाही. त्यांच्या नावावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. ज्या डोमेनवरून ईमेल कधीच पाठवला जात नाही, त्यांना तर पहिल्याच दिवशी `v=spf1 -all` आणि `p=reject` लावता येते. तिथे अडकण्यासारखे काही नसतेच.

‘रिजेक्ट’ लावले की फसवणूक थांबेल का?

नाही. डीमार्क हुबेहूब तेच डोमेन वापरणाऱ्याला अडवते. `example.com`ऐवजी `examp1e.com` असे, ‘एल’च्या जागी एक आकडा असलेले डोमेन कुणी विकत घेतले, तर त्याच्या तिन्ही तपासण्या रीतसर उत्तीर्ण होतील. पुरवठादाराचा खरा मेलबॉक्सच कुणाच्या ताब्यात गेला असेल, तरी निकाल ‘पास’च येईल. ‘पास’ म्हणजे ईमेल त्या डोमेनचा आहे एवढेच, पाठवणारा प्रामाणिक आहे असे नव्हे.

मिळत्याजुळत्या डोमेनवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘.bank.in’ हे राखीव डोमेन आणले आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर येण्यास सांगितले. हे डोमेन बँकांखेरीज कुणाला मिळत नसल्याने नक्कल करणे अवघड होते.

मोबाइलवर हे कसे ओळखावे?

मोबाइलवर बहुतेक ॲपमध्ये आधी फक्त नाव दिसते, पत्ता नाही. नावाखालच्या तपशिलावर टिचकी मारली की पूर्ण पत्ता उघडतो, तो अक्षर-अक्षर वाचावा. जीमेलमध्ये प्रेषकाच्या चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह दिसले, तर ईमेलची सत्यता पटलेली नाही असे समजावे. संकटाचा संशय असेल तर संगणकावर जीमेल उघडून ईमेलच्या तीन ठिपक्यांतून ‘Show original’ निवडावे. तिथे तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. त्यांतली डीमार्कची ओळ आधी पाहावी, एकट्या एसपीएफच्या ‘पास’वर विसंबू नये.

आणि विषय खाते बदलण्याचा असेल, तर ‘पास’ असो वा ‘फेल’, जुन्या बिलावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ईमेलमध्येच दिलेला क्रमांक मात्र वापरू नये. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी ती गोठवता येणे, हे त्या पहिल्या काही तासांवरच अवलंबून असते.