बदल पटला नसताना तो राबवायचा कसा?

३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. आरटीईच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ९१ ते १२० पटाला चार शिक्षक मिळतात, ६१ ते ९० ला तीन. आमचा पट ८८ वर आला आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात गेले. उरलो तिघं, वर्ग पाच. प्रभारी मुख्याध्यापक म्हणून ही घडी मला बसवायची होती, आणि खरं सांगायचं तर ती मला स्वतःलाच पटलेली नव्हती.

अशा वेळी प्रमुखाने "सगळं छान होईल" म्हणू नये. सहकारी आपला चेहरा वाचतातच. पण "मलाही काही कळत नाही" म्हणून हात वर करणंही बरोबर नाही. माझं मत असं, की आपली शंका नेमकी कशाबद्दल आहे ते वेगळं काढून सांगावं. मी बैठकीत म्हटलं, "पद कमी झालं, ते आपल्या हातात नाही. वर्ग कसे जोडायचे ते आपण ठरवायचं. आणि चौथी-पाचवी एकत्र जमेल का, याची मला खात्री नाही."

पहिली-दुसरी जोडणं सोपं वाटतं. पण पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही, त्यामुळे बाई दुसरीकडे वळल्या की त्याला स्वतःहून करण्यासारखं काम उरत नाही. म्हणून पहिलीची १५ मुलं स्वतंत्र ठेवली, दुसरी-तिसरी ३६ आणि चौथी-पाचवी ३७. अपूर्णांकासारखा दोन्ही इयत्तांत असलेला घटक एकदम घ्यायचा, बाकी वेळ आळीपाळीने.

ही मांडणी सहा आठवड्यांपुरती, हे आधीच ठरवलं. मोजायचं कसं, तेही ठरवलं. स्वयंअध्ययनात सोडवलेलं गणित शनिवारी आकडे बदलून पाच मुलांना द्यायचं. वहीत उत्तर बरोबर आहे पण बदललेलं गणित येत नाही, म्हणजे मुलाने शेजारच्याचं उतरवलंय. पालकसभेतही हेच सांगितलं, शंकेसकट.

सहाव्या आठवड्यापर्यंत चौथीच्या भागाकारात नेमकं हेच दिसत राहिलं. मग शेवटच्या तासिकेला पहिलीची मुलं गाणी-गोष्टींसाठी दुसरी-तिसरीत बसवली आणि पहिलीच्या बाईंनी चौथीचं गणित वेगळं घेतलं. हा बदल बाईंनीच सुचवला. मी पहिल्या दिवशी ठाम खात्री दाखवली असती, तर माझी योजना चुकतेय असं तोंडावर सांगायला त्या कचरल्या असत्या.

शिक्षक कमी झाल्याचं नुकसान यातून भरून निघत नाही, ते मी मान्य करतो. पण कुठे नुकसान होतंय ते दिसलं, तर उरलेला वेळ तिथे वळवता येतो.