तांडेलाचा अर्ज

मालवणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांशेजारी आता पर्यटकांच्या होड्याही लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे किल्ल्याजवळचे खडक आणि प्रवाळ पाहायला पर्यटक येऊ लागले, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही उभी राहिली. त्यामुळे जाळे सोडून या नव्या धंद्यात नोकरी मागणारा तरुण इथे नवलाचा राहिलेला नाही. त्याची गाडी अडते ती अर्जापाशी.

असे अर्ज दुरुस्त करून घ्यायला काही मुले माझ्याकडे येतात. बहुतेकांत एकच मजकूर असतो : ‘मला समुद्राचा दहा वर्षांचा अनुभव आहे. उत्तम पोहता येते. मी मेहनती व प्रामाणिक आहे.’ यातले काही खोटे नसते. पण भरती करणारा माणूस बहुधा शहरातला. भरती म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, रिकामी जागा येते. ‘समुद्राचा अनुभव’ या दोन शब्दांतून आपले कोणते काम होईल, हे त्याला उमगत नाही. ते उलगडून सांगणे अर्जदाराचेच काम आहे.

गेल्या हंगामात एका तांडेलाने डायव्हिंग केंद्रातल्या बोटप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला. आम्ही आधी त्या जागेची कामे कागदावर मांडली : फेरी काढायची की रद्द करायची हे ठरवणे, उतरलेली माणसे मोजून परत घेणे, इंजिन चालू ठेवणे. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहिला : हे मी होडीवर कधी आणि कसे केले? त्यातून पत्र तयार झाले :

‘आपल्या बोटप्रमुखाच्या जागेसाठी हा अर्ज. मी बारा वर्षे होडीवर आहे. त्यातली सात वर्षे तांडेल. पाच खलाशांना घेऊन निघायचे की नाही, हा निर्णय मी रोज पहाटे घेतला आहे, आणि वारा वाढला तेव्हा डिझेल फुकट घालवून अर्ध्यातून परतलोही आहे. रापणीत तीसेक माणसांची हजेरी आणि वाटे यांची वही दोन वर्षे मी ठेवली. होडीचे इंजिन समुद्रात बंद पडल्यास इंधनाची गाळणी, पंखा आणि थंड पाण्याचा मार्ग मी स्वतः तपासतो. मला स्कूबाचे प्रमाणपत्र नाही. पहिल्या पायरीचे शिक्षण घेण्याची माझी तयारी आहे. आमच्या मच्छीमार सोसायटीचे सचिव माझ्या कामाबद्दल सांगू शकतील.’

यातले सर्वांत वजनदार वाक्य अर्ध्यातून परतल्याचे आहे. तांडेलाला ते लिहायची लाज वाटत होती; रिकाम्या हाताने परतणे ही त्याच्या लेखी फुशारकीची गोष्ट नव्हे. पण पर्यटकांनी पैसे भरलेले असताना फेरी रद्द करू शकणारा माणूसच केंद्राला हवा असतो. वहीचेही तसेच. रापण ओढणाऱ्या माणसांची हजेरी चुकली तर वाटपात भांडण होते. पाण्यात उतरलेल्यांची मोजणी चुकली तर माणूस मागे राहतो. चोख मोजण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

आता जे नेता येत नाही, त्याबद्दल. खडकांवरच्या शिंपल्यांसाठी बुडी मारणारा मुलगा म्हणतो, ‘मला डायव्हिंग येते.’ येथे सावध व्हावे. त्याची सगळी कमाई श्वास रोखण्यात आहे, आणि स्कूबात तीच सवय घातक ठरते. पाण्याखाली दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे टाकीतून घेतलेली हवा छातीत कोंडून वर आले, तर ती फुगून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. घरून एका श्वासावर बुडी मारणाऱ्याला हा धोका नसतो, कारण त्याने हवा वरच घेतलेली असते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखू नये. शिंपले काढणाऱ्याला तो नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. समुद्राची भीती नसणे हे त्याचे भांडवल खरे; पण ‘डायव्हिंग येते’ लिहिले तर पहिल्याच मुलाखतीत अर्ज गडगडेल.

म्हणूनच ‘प्रमाणपत्र नाही’ हे वाक्य पत्रात आम्ही मुद्दाम ठेवले. उणीव स्वतः सांगितली, की वरच्या तीन दाव्यांवर विश्वास बसतो. लपवली, तर बारा वर्षांच्या खऱ्या कामावरही संशय येतो.

बायकांच्या अर्जांतही हेच चुकते. पहाटे लिलावात मासळी घेऊन बाजारात ती विकणारी बाई ‘शिक्षण सातवी’ एवढेच लिहिते. नाशवंत मालाचा भाव मिनिटांत ठरवणे, उधारी वसूल करणे, बर्फाचा हिशेब ठेवणे हे लिहिलेच जात नाही. हॉटेलच्या खरेदी विभागाला नेमके तेच हवे असते. अर्ज लिहायला बसताना पदव्यांची यादी बाजूला ठेवावी, आणि समोरच्या जागेवरचा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, ते आधी लिहून काढावे.