आठवड्याची मजुरी, वर्षाचा दाखला : हिशेब चुकतो कुठे?

भातकापणी उरकली की नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरसारख्या गावांतील अनेक कुटुंबे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात मजुरीला उतरतात. नारायणगाव परिसरात द्राक्षबागांचा हंगाम ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चपर्यंत चालतो. बोली आठवड्यावर होते, पैसे आठवड्याला हातात पडतात. पुढे मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ येते आणि अर्जात विचारलेले असते ‘वार्षिक उत्पन्न’. आठवड्याचे वर्ष करताना इथेच गोंधळ होतो.

एक उदाहरण घेऊ. सोमवार 3 नोव्हेंबर 2025 ते शनिवार 28 मार्च 2026 असा मुदतीचा करार. आठवड्याला सहा दिवस काम, रविवारी सुट्टी, मजुरी 3,600 रुपये, दर शनिवारी रोख. कॅलेंडर समोर ठेवून शनिवार मोजले तर नोव्हेंबरात चार, डिसेंबरात चार, जानेवारीत पाच, फेब्रुवारीत चार आणि मार्चमध्ये चार भरतात. एकूण 21. म्हणजे करारातून खरोखर मिळणारी रक्कम 75,600 रुपये.

आता चूक कशी शिरते ते पाहा. 29 डिसेंबरच्या सोमवारी सुरू झालेल्या आठवड्याचे पैसे 3 जानेवारीला मिळतात. वहीत डिसेंबर लिहिताना घरातला माणूस ‘काम सुरू झाले तो महिना’ धरतो आणि पाच आठवडे मांडतो. जानेवारी लिहिताना ‘पैसे मिळाले तो महिना’ धरतो आणि पुन्हा पाच मांडतो. दोन्ही महिने वेगवेगळे पाहिले तर बरोबर दिसतात, पण बेरीज 22 आठवड्यांची होते आणि 3,600 रुपये जास्तीचे चढतात. कामाचा सोमवार धरा किंवा पगाराचा शनिवार धरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धरला की एकूण 21 च येते. शनिवार धरणे सोयीचे, कारण पैसे मिळाल्याची नोंद त्याच दिवशीची असते.

दुसरी चूक सुट्टीची. 3,600 भागिले सहा म्हणजे रोज 600 रुपये, आणि 600 गुणिले 30 म्हणजे महिना 18,000, असे तोंडी गणित सर्रास केले जाते. पण या 600 रुपयांत रविवार आधीच सामावलेला आहे. तीसने गुणले की सुट्टीचे दिवस पुन्हा मोजले जातात. किमान वेतनाच्या हिशेबात महिन्याचे 26 दिवस धरतात ते यासाठीच. 600 गुणिले 26 म्हणजे 15,600. वर्षाचे 52 आठवडे बारा महिन्यांत वाटले तरी हाच आकडा येतो. चार आठवड्यांचा महिना धरून 14,400 काढणारेही चुकतात, पण उलट दिशेने. त्यांच्या वर्षात 48 च आठवडे भरतात.

हा 15,600 मात्र दर आहे, उत्पन्न नव्हे. महिन्याच्या पगाराच्या दुसऱ्या कामाशी तुलना करायला तो चालतो. त्याला बाराने गुणून 1,87,200 रुपये ‘वार्षिक उत्पन्न’ म्हणून लिहिले, तर करारात नसलेले 31 आठवडेही कमाईत धरले जातात. नवरा-बायको दोघे याच करारावर असतील तर कागदावर 3,74,400 रुपये दिसतील. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. दोघांची खरी कमाई 1,51,200. गुणाकार चुकला म्हणून मुलाचा अर्ज बाद होणे ही किरकोळ गोष्ट नाही. अर्ज भरून देणाऱ्याने ‘आठवड्याला किती?’ एवढेच विचारून थांबू नये, ‘किती आठवडे?’ हेही विचारले पाहिजे.

उरलेल्या महिन्यांतील भात, हिरडा, रोजगार हमीची मजुरी हे उत्पन्न लपवायचे नाही. ते जितके झाले तितके वेगळ्या ओळीत मिळवायचे. उचलीचे मात्र जपून. हंगामाआधी 6,000 रुपये उचल घेतली आणि ती दर शनिवारी 500 रुपयांनी कापली गेली, तर त्या शनिवारी हाती 3,100 येतात, पण मजुरी 3,600 च लिहायची. मग उचल पुन्हा मिळकत म्हणून धरायची नाही, कारण ती याच मजुरीतून फिटते.

कर्जाच्या बाबतीत हीच चूक अंगाशी येते. 15,600 रुपये महिना धरून हप्ता ठरवला तर मार्चपर्यंत तो निघेल. पण याच करारातले 75,600 रुपये बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला 6,300 पडतात, आणि हप्ता जूनमध्येही भरायचा असतो.