शाळेत धर्म शिकवायचा का? आमच्या भूमिकापत्रातली चार कलमे

अभ्यासक्रमाचा नवा मसुदा आला की आपल्याकडे एक ठरलेला क्रम असतो. मसुद्यात गीता, श्लोक किंवा मनुस्मृती सापडते, आपण निषेध करतो, मंत्री खुलासा करतात, प्रकरण थंड होते. पुढच्या मसुद्यात तेच पुन्हा येते. याचे एक कारण असे की आपण काय नको ते सांगतो, काय हवे ते लिहून देत नाही. 'हरकती व सूचना' मागवल्या जातात तेव्हा आपल्या हरकती भरपूर असतात आणि सूचना जवळपास नसतात. म्हणून आम्ही काही कार्यकर्ते आणि शिक्षक मिळून एक भूमिकापत्र लिहितो आहोत. शाळेत धर्मांविषयी शिकवावे की नाही, आणि शिकवायचे तर कसे, एवढाच त्याचा विषय. त्यातला मुख्य युक्तिवाद येथे मांडत आहोत. यावर कडाडून चर्चा व्हावी.

पहिला प्रश्न आपल्यातच उभा राहिला. आमच्यातले अनेक जण म्हणाले, धर्म शाळेत नकोच, विषय संपला. ही भूमिका समजण्यासारखी आहे. शाळेत धर्म येतो तो कोणाचा येतो, हे आपल्या पिढ्यांनी पाहिले आहे. पण बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेली भूमिका याहून नेमकी होती, आणि ती नीट वाचली पाहिजे.

7 डिसेंबर 1948 रोजी मसुद्यातल्या अनुच्छेद 22 वर, म्हणजे आजच्या अनुच्छेद 28 वर, चर्चा झाली. सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको याची तीन कारणे बाबासाहेबांनी दिली. पहिले, करातून गोळा झालेला सर्वांचा पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरता येत नाही. जिल्हा बोर्ड सगळ्यांकडून कर घेणार आणि बहुसंख्य मुले हिंदू आहेत म्हणून एकच धर्म शिकवणार, हे चालणार नाही. दुसरे, देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की प्रत्येकाला समान न्याय देणे राज्याला अशक्य आहे. उदाहरण त्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळेचे दिले, जिथे नाना धर्मांची मुले एका वर्गात बसतात. तिसरे, प्रत्येक धर्म आपलाच मार्ग खरा म्हणतो. हा वाद वर्गात आणला तर शाळेची शांतता बिघडेल.

त्याच चर्चेत संस्कृत पाठशाळांचा मुद्दा निघाला. तिथे वेद शिकवतात, त्यांचे काय? बाबासाहेबांचे उत्तर असे होते की धार्मिक शिक्षण वेगळे आणि अभ्यास किंवा संशोधन वेगळे. अमुक ईश्वर माना, अमुक प्रेषित शेवटचा माना, असे सांगणे म्हणजे मतप्रणाली बिंबवणे. अभ्यास ही निराळी गोष्ट. संविधानाने बंदी घातली ती बिंबवण्यावर. अभ्यासाचा दरवाजा बाबासाहेबांनी उघडा ठेवला. स्वतः त्यांनी आयुष्यभर धर्मग्रंथांची चिकित्सा केली. त्यांच्या नावाने चिकित्साच बंद करा असे आपण म्हणू शकत नाही.

शिवाय, धर्माविषयी काहीच न शिकवणारी शाळा तटस्थ राहत नाही. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, 14 ऑक्टोबर 1956 ची दीक्षाभूमी हे धर्माशिवाय कसे शिकवणार? धर्म वगळला की महाड हा पाण्याचा प्रश्न उरतो आणि धम्मदीक्षा ही एका नेत्याची वैयक्तिक आवड ठरते. मौनाचा फायदा ज्याचे सण, ज्याच्या प्रार्थना, ज्याच्या प्रतिमा आधीच भिंतीवर आहेत त्यालाच होतो.

पण हा दरवाजा उघडा आहे म्हणजे कोणीही आत शिरावे असे नाही. कोठारी आयोगाने (1964-66) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला होता. पुढे 12 सप्टेंबर 2002 रोजी अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांचा अभ्यास घटनाबाह्य नाही असे सांगितले, पण त्याच निकालात अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांतली रेषा अतिशय पातळ आहे असा इशाराही आहे. ती रेषा कुठे आहे हे वर्गात कसे ओळखायचे? सगळा प्रश्न इथेच आहे.

2024 चे उदाहरण घेऊ. महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात, मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीचा एक श्लोक होता. दुसऱ्या अध्यायातला 121 वा. आशय असा की जो नेहमी वडीलधाऱ्यांना अभिवादन करतो त्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते. बचाव करणारे म्हणाले, यात वाईट काय आहे? मोठ्यांचा मान ठेवा एवढेच तर सांगितले आहे.

आता त्याच अध्यायात पाच श्लोक पुढे जा. 126 वा श्लोक सांगतो की ज्या ब्राह्मणाला प्रत्यभिवादन कसे करावे हे कळत नाही त्याला विद्वानाने अभिवादन करू नये, कारण तो शूद्रासारखाच आहे. 127 वा सांगतो की भेट झाल्यावर ब्राह्मणाला, क्षत्रियाला, वैश्याला आणि शूद्राला खुशाली विचारण्याचा शब्दसुद्धा वेगवेगळा असावा. म्हणजे 121 वा श्लोक सुटा सुविचार नाही. तो वर्णानुसार मान वाटून देणाऱ्या नियमावलीचा भाग आहे. मसुद्याने नियमावलीतले एक गोड वाक्य काढले, त्याला मूल्याचा दर्जा दिला आणि पुढचे झाकले. बिंबवणे होते ते असे. ग्रंथ प्रमाण म्हणून उभा केला जातो आणि त्याचा संदर्भ कापला जातो.

याच तीन श्लोकांचा अभ्यास कसा दिसेल? समजा नववीचा इतिहासाचा वर्ग आहे, दोन तासिका आहेत. पहिल्या तासिकेत तिन्ही श्लोकांचा मराठी अर्थ शेजारी शेजारी ठेवायचा आणि विचारायचे: हे कोण कोणाला सांगतो आहे? मान वयाला मिळतो की वर्णाला? दुसऱ्या तासिकेत 25 डिसेंबर 1927 ला महाडला काय झाले ते वाचायचे. मनुस्मृती दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, जे जन्माने ब्राह्मण होते, हेही सांगायचे. मग मुलांना दिसेल की भांडण माणसांशी नव्हते, नियमावलीशी होते. ग्रंथ तोच आहे. एका वर्गात तो आदेश देतो, दुसऱ्या वर्गात त्याला प्रश्न विचारले जातात.

यातून आमची पहिली दोन कलमे निघाली.

कलम एक, क्रियापदाची कसोटी. पाठात, स्वाध्यायात आणि प्रश्नपत्रिकेत काय करायला सांगितले आहे ते पाहा. पाठ करा, म्हणा, आचरणात आणा, महत्त्व सांगा, थोरवी वर्णन करा, अशी क्रियापदे असतील तर ते धार्मिक शिक्षण आहे. तुलना करा, कोणी विरोध केला ते सांगा, काळानुसार काय बदलले ते शोधा, असे असेल तर तो अभ्यास आहे. श्लोकपठणाच्या स्पर्धेला 'स्मरणशक्तीचा विकास' म्हटले तरी ती या कसोटीवर टिकत नाही.

कलम दोन, प्रत्येक धर्म त्याच्या आतल्या बंडासह शिकवावा. वारकरी परंपरा शिकवताना चोखोबांना देवळाबाहेर का थांबावे लागले हे वगळता येणार नाही. बसवण्णा, जोतीराव, ताराबाई शिंदे यांना 'समाजसुधारक' या वेगळ्या धड्यात टाकून धर्माचा धडा स्वच्छ ठेवायचा ही जुनी युक्ती आहे. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मालाही हेच लागू. तिथल्या जातीही पुस्तकात आल्या पाहिजेत.

तिसरे कलम मुलाच्या संरक्षणाचे आहे. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या धर्माचा किंवा जातीचा नमुना म्हणून वर्गात उभे करू नये. "तुमच्यात काय करतात ग, सांग बरं," हा प्रश्न शिक्षक निरागसपणे विचारतो आणि पोरगी वर्षभर त्याची किंमत मोजते. वरचे श्लोक वाचताना सगळ्या नजरा एका बाकाकडे वळणार असतील तर तो पाठ फसला. म्हणून आम्ही लिहिले आहे: सहावीच्या आधी हा भाग नको, वेगळा विषय आणि वेगळी तासिका नको, इतिहास व नागरिकशास्त्रातच हवा, बाहेरून कीर्तनकार, मौलवी, पाद्री किंवा भन्तेजी शिकवायला बोलावू नयेत, आणि शिक्षक-हस्तपुस्तिका व प्रशिक्षण तयार होईपर्यंत सुरुवातच करू नये. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. वाईट तयारीने शिकवण्यापेक्षा न शिकवणे बरे.

चौथे कलम परिपाठाचे, आणि सर्वात जास्त वाद त्यावर झाला. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला अनुच्छेद 28(1) ची बंदी आहे. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांसाठी 28(3) सांगते की धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, संमती दिली असेल तरच. मूल अज्ञान असेल तर पालकाची. म्हणजे पालक गप्प राहिले याचा अर्थ संमती नाही. आज किती शाळा लेखी संमती घेतात? 2013 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकच्या एका शिक्षकाचे प्रकरण आले होते. प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांचे आर्थिक नुकसान झाले होते. हात जोडायला भाग पाडणे मूलभूत हक्काविरुद्ध आहे असे न्यायालयाने सांगितले. शिक्षकाला कोर्टात जावे लागते, तिथे दहा वर्षांचे मूल काय करणार?

पण मित्रांनो, हेच कलम आपल्यालाही लागू आहे. आमच्यातल्या काही साथींची मागणी होती की सरस्वती वंदना चालते तर बुद्धवंदनाही परिपाठात हवी, बावीस प्रतिज्ञाही म्हणून घ्याव्यात. आम्ही ही मागणी भूमिकापत्रात घेतली नाही. ती केली की राज्याला वंदना म्हणून घेण्याचा अधिकार आहे हे आपण मान्य करतो, मग उरतो फक्त वाटणीचा प्रश्न. आणि वाटणी संख्येवर ठरते. त्या हिशोबात आपण कायम हरणार. बावीस प्रतिज्ञा पुस्तकात याव्यात, जरूर याव्यात. ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून, त्या का घेतल्या गेल्या या प्रश्नासह. त्या म्हणण्याची जागा विहार आहे. धम्माच्या प्रसारासाठी बाबासाहेबांनी 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. ते काम त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेवर सोपवले नाही.

मसुदा पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे पाठवणे हा एक भाग झाला. दुसरा भाग गावात आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि त्यात वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तुमच्या शाळेच्या समितीत त्या जागांवर कोण बसले आहे ते आधी पाहा. मग पुढच्या बैठकीत एकच प्रश्न लेखी द्या: परिपाठात आणि स्पर्धांमध्ये मुलांकडून काय म्हणून घेतले जाते, त्याची यादी द्या. यादी हातात आली की पहिल्या कलमाची कसोटी लावा, क्रियापदे मोजा आणि जे सापडेल ते आम्हाला कळवा. भूमिकापत्राला ती यादी परिशिष्ट म्हणून जोडायची आहे.

जय भीम.